‘फाईन’ म्हणजे दंड, बारीक की बरं? शेतीची पाकिटं आणि ॲप मराठीत आणणाऱ्या नवख्यांसाठी

जालन्याला बियाण्यांच्या कंपन्या आहेत, संभाजीनगरला औषधांचे आणि यंत्रांचे कारखाने आहेत, आणि शेतीसल्ल्याची ॲप आता प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आहेत. या सगळ्यांना इंग्रजी पाकिटं, पत्रकं आणि ॲपमधली बटणं मराठीत करून हवी असतात. परभणी, लातूर, नांदेडकडची इंग्रजी बरं असलेली मुलं-मुली हे काम घरी बसून करतात. काम हातात आलं की लांब उतारे अवघड आणि दोन-तीन शब्दांच्या ओळी सोप्या, असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं असतं. लांब उताऱ्यात एक शब्द अडला तरी पुढचं वाक्य त्याचा अर्थ सांगून जातं. ‘फाईन’, ‘कूल’, ‘राईट’ असा एकटा शब्द समोर आला की सांगायला कुणीच नसतं.

ही अडचण जुनी आहे. यंत्राकडून भाषांतर करून घेता येईल का, यावर अमेरिकी गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी १९४९ साली एक टिपण लिहिलं. त्यात त्यांनी एक कल्पना मांडली. पुस्तकाच्या पानावर जाड कागद ठेवला आणि त्याला एकच शब्द दिसेल एवढं भोक पाडलं, तर त्या शब्दाचा अर्थ ठरवता येत नाही. भोक दोन्ही बाजूंनी रुंद करत गेलं की एका टप्प्यावर अर्थ पक्का होतो. प्रश्न एवढाच, की किती रुंद? पुढे काम करणाऱ्यांना असं दिसलं की पुष्कळदा शेजारचा एकच शब्द पुरतो. म्हणून खाली दिलेली पद्धत शेजाऱ्यापासूनच सुरू होते. शेजारी पुरत नसेल तेव्हा काय करायचं, ते नंतर येईल.

पहिली पायरी: शब्द काय काम करतोय ते बघा

शब्दकोश उघडण्याआधी तो शब्द त्या ओळीत नाम आहे, विशेषण आहे, क्रियापद आहे की नुसता उद्गार, एवढं ठरवा. निम्मा गोंधळ इथेच मिटतो. ‘फाईन’ नाम असेल तर तो दंड. ‘लेट पेमेंट फाईन’ म्हणजे उशिरा भरल्याचा दंड, त्यात दुसरा अर्थ शिरूच शकत नाही. तोच शब्द अनेकवचनात ‘फाईन्स’ म्हणून पशुखाद्याच्या किंवा खताच्या पोत्यावर आला, तर दंडाचा काही संबंध नाही. तिथे तो गोळी खताचा किंवा पेंडीचा तळाशी राहिलेला चुरा असतो.

‘कूल’च्या बाबतीत ही पायरी फार उपयोगाची आहे. रायझोबियमची बीजप्रक्रिया सांगणाऱ्या पत्रकात गुळाच्या पाण्याबद्दल एक छोटी ओळ असते: ‘बॉइल, कूल अँड मिक्स’. इथे ‘कूल’ क्रियापद आहे. नवखा माणूस ‘उकळा, थंड आणि मिसळा’ असं लिहितो, किंवा वाक्य जुळत नाही म्हणून ‘उकळून थंड पाण्यात मिसळा’ असं करून टाकतो. दुसरं भाषांतर वाचायला बरं वाटतं आणि तेच जास्त धोक्याचं आहे, कारण त्यात एक नवीनच कृती तयार झाली. पत्रकाला म्हणायचं असतं ते एवढंच: गुळाचं पाणी उकळा, पूर्ण निवू द्या, मग त्यात जिवाणू संवर्धक मिसळा. गरम पाण्यात ते जिवाणू मरतात आणि मग बियाण्याला नुसता गूळ लागतो. ‘निवणे’ हा आपल्याकडे रोजचा शब्द आहे, आया-बायका दूध निवायला ठेवतात. ‘थंड करा’ म्हटलं की कुणी फ्रिजकडे वळेल. ‘निवू द्या’ म्हटलं की आपसूक थांबणं आलं.

दुसरी पायरी: पुढचा शब्द आणि त्याचा विरुद्ध

विशेषण असेल तर ते कुणाला लागलंय ते बघा. इंग्रजीत तो शब्द बहुधा लगेच पुढे असतो. मग एक प्रश्न विचारा: या जागी याच्या उलट शब्द कोणता बसेल? अर्थ हुडकण्यापेक्षा विरुद्ध शब्द हुडकणं सोपं जातं, आणि विरुद्ध सापडला की मराठी शब्द बहुतेक वेळा स्वतःहून येतो.

‘फाईन सँड’च्या उलट भरड वाळू, म्हणून बारीक वाळू. ‘फाईन वेदर’च्या उलट पावसाळी, ढगाळ हवा, म्हणून निरभ्र, कोरडी हवा, पावसाळ्यातलं पत्रक असेल तर त्याला आपल्याकडे ‘उघडीप’ म्हणतात. ‘फाईन गोल्ड’च्या उलट भेसळीचं, दुसरा धातू मिसळलेलं सोनं, म्हणून शुद्ध सोनं, सराफाच्या शिक्क्यावर ९९९ च्या शेजारी येतो तो हाच अर्थ. ‘फाईन क्लॉथ’च्या उलट जाडंभरडं कापड, म्हणून तलम. ‘फाईन प्रिंट’च्या उलट ठळक मोठी अक्षरं, म्हणून बारीक अक्षरातल्या अटी. यातल्या एकाही जागी ‘चांगला’ हा शब्द बसत नाही. शाळेत ‘फाईन म्हणजे छान’ असं पाठ झालेलं असतं, म्हणून तोच आधी सुचतो.

फवारणीच्या पत्रकात ‘फाईन स्प्रे’ येतं. उलट काय? मोठ्या थेंबांची फवारणी. म्हणजे इथे बारीक थेंब. ‘चांगली फवारणी करा’ असं लिहिलं तर शेतकरी ती नुसती सूचना समजून पुढे जाईल. ‘बारीक थेंबांची फवारणी करा’ म्हटलं तर तो नोझल बघेल. याच पत्रकात खाली वाऱ्याची सूचना असते, कारण थेंब जितका बारीक तितका तो वाऱ्यावर उडून शेजाऱ्याच्या पिकावर जातो. वरची ओळ चुकली की खालची ओळ का आली तेही कळत नाही.

तिसरी पायरी: शेजारी पुरत नाही तेव्हा

आता मराठवाड्यातल्या कामात सगळ्यात जास्त दगा देणारी जोडी: ‘फाईन सॉइल’. इथे शब्दही तोच, शेजारीही तोच, आणि तरी अर्थ दोन आहेत. दोन्ही बरोबर आहेत, आणि एक दुसऱ्याच्या जागी गेला तर सल्ला उलटा होतो.

पहिला अर्थ मशागतीचा. वखर, रोटाव्हेटर फिरवून ढेकळं फोडल्यावर जी माती होते ती. ‘कव्हर द सीड्स विथ फाईन सॉइल’ म्हणजे बी भुसभुशीत मातीनं झाका. विरुद्ध शब्द ढेकळांची माती. ही मातीची त्या दिवसाची अवस्था आहे. माणसानं केलेली, पावसानं पुन्हा बिघडणारी.

दुसरा अर्थ पोताचा. माती कोणत्या आकाराच्या कणांची आहे, त्याला पोत म्हणतात. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान असतो, वाळूचा त्याच्या कितीतरी पट मोठा. ज्या जमिनीत हे अतिबारीक कण जास्त, ती इंग्रजीत ‘फाईन टेक्स्चर्ड’. आपली कापसाची काळी जमीन तीच. पावसाळ्यात पायाला चिकटून बसते, पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि नांगराला जड जाते. म्हणून शेतकरी तिला ‘भारी जमीन’ म्हणतो. इंग्रजीत बारीक आणि मराठीत भारी, पण जमीन एकच. इंग्रज कणाकडे बघून बोलतो, शेतकरी नांगराकडे बघून.

आता ही ओळ घ्या: ‘फाईन सॉइल्स नीड लाँगर इरिगेशन इंटरव्हल’. कुणी लिहिलं ‘भुसभुशीत जमिनीला जास्त दिवसांनी पाणी द्या’. वाचणाऱ्याच्या मनात भुसभुशीत म्हणजे हलकी, पोकळ, पाणी पटकन सोडणारी. तो म्हणेल, असं कसं, हलक्या जमिनीला तर लवकर पाणी लागतं. तो बरोबर आहे आणि पत्रक चुकलंय. ‘भारी जमिनीत दोन पाण्यांमधलं अंतर जास्त ठेवा’ असं लिहिलं की मेळ बसतो, कारण भारी जमीन ओल जास्त दिवस धरते.

दोन्हींत फरक ओळखायचा कसा? एक खूण बऱ्यापैकी भरवशाची आहे. ‘सॉइल’ एकवचनात आलं आणि ओळीत झाका, टाका, मिसळा असलं क्रियापद असलं, तर ती हातात घ्यायची माती आहे, म्हणून भुसभुशीत किंवा बारीक. ‘सॉइल्स’ अनेकवचनात आलं, तर बोलणं जमिनीच्या प्रकारांबद्दल चाललंय, म्हणून भारी. ‘टिल्थ’ हा शब्द दिसला तर नक्की मशागत, ‘टेक्स्चर’ दिसला तर नक्की पोत. यातलं काहीच नसेल तर ओळ जिथे आली ते शीर्षक बघा: पेरणीखाली आहे की पाणी व्यवस्थापनाखाली.

एक मर्यादाही सांगतो. ‘भारी’ आणि ‘चिकण पोताची’ हे शब्द नेहमीच एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शेतकरी हलकी-भारी म्हणताना जमिनीची खोलीही धरतो. वर वीतभर काळी माती आणि खाली मुरूम असेल, तर प्रयोगशाळा पोत चिकण सांगेल, पण मालक तिला हलकीच म्हणेल. म्हणून माती परीक्षणाचा अहवाल मराठीत करत असाल तर ‘चिकण पोत’ लिहा. शेतकऱ्याला प्रश्न विचारणारं ॲप असेल तर ‘भारी’ लिहा, आणि कंपनीला कळवा की उत्तरात खोली मिसळलेली असू शकते.

चौथी पायरी: ‘राईट’च्या मागे-पुढे काय आहे

‘राईट’ला पुढचा शब्द फार बोलका करतो. पुढे ‘आफ्टर’, ‘नाऊ’, ‘हिअर’, ‘अप टू’ असलं काही असेल तर ‘राईट’ला स्वतःचा अर्थ उरत नाही, तो फक्त पुढच्या शब्दाला जोर देतो. ‘राईट आफ्टर रेन’ म्हणजे पाऊस उघडताच. ‘योग्य पावसानंतर’ असं छापलेलं पत्रक कुणाच्या हाती पडलं, तर योग्य पाऊस कोणता हे शोधण्यातच वाफसा निघून जाईल. ‘राईट अप टू हार्वेस्ट’ म्हणजे थेट काढणीपर्यंत.

पुढे ‘टू’ किंवा ‘ऑफ’ असेल तर बहुतेक वेळा हक्क. ‘राईट टू वॉटर’ म्हणजे पाण्याचा हक्क, ‘राईट ऑफ वे’ म्हणजे वहिवाटीचा हक्क. जमिनीच्या कागदांत ‘रेकॉर्ड ऑफ राईट्स’ला ‘अधिकार अभिलेख’ हे ठरलेलं नाव आहे आणि सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ असा रकाना असतो. सरकारी कागदात असा ठरलेला शब्द असेल तर स्वतःचा चांगला शब्द बाजूला ठेवायचा, कारण तलाठ्याकडे गेलेला माणूस तोच शब्द शोधणार आहे. मात्र ‘राईट टू लेफ्ट’ म्हणजे उजवीकडून डावीकडे आणि ‘राईट ऑफ द गेट’ म्हणजे गेटाच्या उजवीकडे. शेजारी ‘टू’ आणि ‘ऑफ’च आहेत, तरी हक्क नाही. दिशेचा दुसरा शब्द किंवा एखादी वस्तू जवळ आहे का, हे बघून मगच हक्काकडे वळा.

उरला नामाच्या आधी येणारा ‘राईट’. इथे पुन्हा विरुद्ध शब्द लावा. उलट ‘लेफ्ट’ बसला तर उजवा, ‘राँग’ बसला तर योग्य किंवा बरोबर. या दोन मराठी शब्दांतही फरक ठेवा. ज्याला एकच उत्तर असतं ते बरोबर: बरोबर पिन, बरोबर ओटीपी. जिथे प्रसंग बघून ठरवायचं ते योग्य: योग्य वेळ, योग्य अंतर. औषधाच्या बाबतीत मी ‘राईट डोस’ला ‘योग्य मात्रा’ लिहीत नाही. योग्य म्हटलं की माणूस आपल्या अंदाजाने ठरवतो. ‘शिफारस केलेली मात्रा’ म्हटलं की तो पाकिटावरचा आकडा शोधतो.

उजव्याचीही एक गंमत जायकवाडीवर कळते. पाणी सोडल्याच्या संदेशात ‘राईट बँक कॅनॉल’ येतं. पैठणच्या धरणातून दोन कालवे निघतात. डावा सुमारे २०८ किलोमीटरचा, जालना-परभणीकडे जाणारा. उजवा सुमारे १३२ किलोमीटरचा, बीड जिल्ह्यात माजलगावकडे जाणारा. नदीचा उजवा तीर ठरतो तो पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून. धरणाच्या खालच्या बाजूला उभं राहून भिंतीकडे बघणाऱ्या माणसाला उजवा कालवा डाव्या हाताला दिसतो. म्हणून इथे ‘तुमच्या उजवीकडचा कालवा’ असं खुलवून लिहायचं नाही. ‘उजवा कालवा’ हे त्याचं नाव आहे, तेवढंच लिहा.

एक पाकीट सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता सोयाबीनच्या बियाण्याच्या पोत्यावर येतात तशा तीन ओळी घेऊ. पहिली, ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’. दुसरी, ‘प्रिपेअर फाईन टिल्थ’. तिसरी, ‘सो ॲट राईट मॉइश्चर’.

पहिल्या ओळीत ‘कूल’ विशेषण, लागलंय ‘प्लेस’ला, उलट ‘हॉट’ किंवा ‘वॉर्म’. म्हणजे गारव्याचा अर्थ पक्का. पण काम इथे संपत नाही, कारण किती गार हे ठरायचं आहे. औषधांच्या नियमांत ‘कोल्ड’ आणि ‘कूल’ हे दोन वेगळे दर्जे आहेत: ‘कोल्ड’ म्हणजे ८ अंश सेल्सिअसपर्यंत, आणि ‘कूल’ची वरची हद्द २५ अंश. दोन्हींना सरसकट ‘थंड’ लिहिलं तर हा भेद पुसला जातो. बियाण्याच्या पोत्यावर असा आकडा नसतो, तिथे म्हणणं एवढंच की उन्हात, पत्र्याखाली तापू देऊ नका. शेतकऱ्याच्या घरात मे महिन्यात थंड जागा कोणती? पाण्याचा माठ, रांजण जिथे असतो तो कोपरा. तिथे ओल असते, आणि बियाण्याचं उष्णतेनं होतं त्याहून जास्त नुकसान ओलीनं होतं. साठवणुकीचा ठोकताळाच असा आहे की बियाण्यातली ओल १ टक्क्याने घटली की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. तेवढाच फायदा तापमानातून मिळवायला ते सुमारे ५ अंशांनी खाली आणावं लागतं. म्हणून दोन विशेषणांत ‘ड्राय’ला पुढे आणून मी असं लिहितो: ‘कोरड्या, सावलीच्या, हवेशीर जागी ठेवा’. ‘हवेशीर’ मूळ ओळीत नाही. म्हणून तो शब्द कंपनीला विचारून घालायचा, आपल्या मनाने नाही. तिने नको म्हटलं तर ‘कोरड्या आणि गार जागी’ पुरे. ‘थंड’पेक्षा ‘गार’ बरा, त्यात फ्रिजचा वास येत नाही.

दुसऱ्या ओळीत ‘टिल्थ’ आहे, म्हणजे मशागत. ‘जमीन भुसभुशीत करा’. इथे ‘भारी’ लिहिलं तर हास्यास्पद होईल, ‘चांगली मशागत करा’ लिहिलं तर मोघम होईल.

तिसऱ्या ओळीत ‘राईट’च्या उलट ‘राँग’, शेजारी ओल. ‘योग्य ओलाव्यावर पेरा’ हे बरोबर भाषांतर आहे. पण यासाठी आपल्याकडे एकच नेमका शब्द आहे: वाफसा. ‘वाफसा आल्यावर पेरा’. ‘वाफसा’ वाचून शेतकरी मातीचा गोळा हातात घेऊन दाबून बघतो, ‘योग्य ओलावा’ वाचून तसं काही करत नाही. अर्थ नीट निवडला गेला आहे याची माझी खूण हीच: ओळ वाचून माणसाला पुढचं काय करायचं ते कळतं.

पाचवी पायरी: ॲपच्या फाईलमध्ये कुठे बघायचं

ॲपचं काम आलं की शेजारीच नसतो. एका रकान्यात नुसते शब्द, खालीवर काही संबंध नाही. पण डावीकडे प्रोग्रामरनं दिलेलं नाव असतं, ते वाचायला शिका:

```
soil_texture_fine  = "Fine"
weather_today_fine = "Fine"
dues_fine          = "Fine"
reply_fine         = "Fine"
```

पहिलं जमिनीचा पोत, दुसरं हवामान, तिसरं येणं-देणं, चौथं उत्तराचं बटण. मराठी अनुक्रमे ‘भारी’, ‘निरभ्र’, ‘दंड’, ‘ठीक आहे’. पहिल्याची खात्री करायला `soil_texture_` ने सुरू होणाऱ्या बाकीच्या ओळी शोधा. `coarse` आणि `medium` सापडले की ती हलकी-मध्यम-भारी अशी यादी आहे, हे नक्की. एकाच यादीतली भावंडं एकत्र बघितल्याशिवाय एकालाही मराठी नाव देऊ नका.

इथे एक यांत्रिक धोका आहे. भाषांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या कामाची स्मृती असते. तुम्ही एकदा ‘फाईन’ला ‘दंड’ दिलं की पुढच्या प्रत्येक ‘फाईन’ला ते शंभर टक्के जुळणी म्हणून ‘दंड’ भरून ठेवतं, हिरव्या खुणेसकट. मग हवामानाच्या पानावर ‘आज: दंड’ येतं. काही फाईल-पद्धतींत तर एकसारखे इंग्रजी शब्द एकाच नोंदीत गोळा होतात आणि त्यांना एकच मराठी देता येतं. `gettext` मध्ये असं होतं, आणि तो गुंता सोडवायला प्रोग्रामरला `msgctxt` नावाची ओळ जोडावी लागते. एका शब्दाच्या नोंदीवर म्हणूनच आपोआप भरणं बंद ठेवा. फाईलमध्ये ‘फाईन’, ‘राईट’, ‘क्लिअर’, ‘ओपन’ असले शब्द शोधून त्यांच्या सगळ्या जागा एकदम समोर आणा आणि मग एकेक भरा.

संभाषणातली उत्तरं

मदत-केंद्राच्या चॅटमध्ये हेच शब्द पुन्हा येतात, पण तिथे विरुद्ध शब्दाची युक्ती चालत नाही. तिथे आधीचा प्रश्न बघावा लागतो. ‘हाऊ आर यू’ला ‘आय ॲम फाईन’ म्हणजे ‘बरा आहे’. ‘अजून काही मदत हवी का’ याला तेच ‘आय ॲम फाईन’ म्हणजे ‘नको, झालं माझं’. चहा विचारल्यावर आपण ‘नको, राहू द्या’ म्हणतो ना, तेच. तिथे ‘मी बरा आहे’ लिहिलं तर आजारपणाची विचारपूस चालल्यासारखं वाटतं. ‘उद्या माणूस पाठवू का’ याला ‘फाईन’ म्हणजे ‘चालेल’. आणि लांबलेल्या वादानंतर एकटंच ‘फाईन.’ आलं तर तो होकार असला तरी नाराजीचा आहे, ‘बरं, बघा मग’ असा. असं उत्तर आलं की ग्राहक समाधानी झाला अशी नोंद करू नये.

‘कूल’ उत्तरादाखल आलं तर बहुतेक वेळा ‘ठीक आहे’ किंवा ‘बरं’, त्यात कौतुक नसतं. खरंच कौतुक असेल, म्हणजे नवीन सोय पाहून कुणी ‘कूल!’ म्हटलं असेल, तर ‘लय भारी!’ आपल्याकडे चपखल बसतं. फक्त ज्या पडद्यावर जमिनीचा ‘भारी’ आहे तिथे तो टाळा. ‘आय ॲम कूल विथ दॅट’ म्हणजे ‘माझी हरकत नाही’. ‘राईट’ उत्तरात आलं तर ‘हं’ किंवा ‘बरं’, म्हणजे ऐकतोय. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्हासह आलं तर ‘ना?’: ‘हप्ता भरलाय ना?’ अशा ‘राईट?’ला ‘बरोबर?’ लिहिण्याची लाट आली आहे, पण गावाकडचा माणूस तसं बोलत नाही.

काहीच ठरत नसेल तेव्हा

काही ओळी कितीही बघितल्या तरी सुटत नाहीत. मल्चिंग पेपरच्या खोक्यावरची ‘राईट साईड अप’ ही ओळ घ्या. उजवी बाजू नव्हे, हे उघड आहे, इथे अर्थ सुलट बाजू. पण ‘सुलट बाजू वर ठेवा’ म्हटल्यावर शेतकरी विचारणार, ‘सुलट म्हंजे कोन्ती? चंदेरी का काळी?’ चंदेरी-काळ्या पेपरात चंदेरी बाजू वर ठेवतात, म्हणजे ऊन परत फिरतं आणि खालच्या काळ्या बाजूमुळे तण उगवत नाही. पण हा पेपर त्याच रंगांचा आहे का, हे ओळीत नाही. खोकं वेगळ्या पेपराचं असेल तर आपला अंदाज छापला जाईल.

अशा वेळी कंपनीला विचारा, आणि ‘याचा अर्थ काय’ असं मोघम विचारू नका. समोरचा इंग्रजीत तीच ओळ पुन्हा समजावून सांगतो आणि आपण होतो तिथेच राहतो. पर्याय देऊन विचारा: ‘ओळ क्रमांक १४. वर कोणती बाजू ठेवायची, चंदेरी की काळी? दोन्ही चालत असतील तर तसं कळवा. खोक्यावर चित्र असेल तर फोटो पाठवा.’ याचं उत्तर एका शब्दात येतं. ते येईपर्यंत ती ओळ रिकामी ठेवा आणि पिवळ्या रंगानं रंगवा. अंदाजानं भरलेली ओळ तपासणाऱ्याला इतर ओळींसारखीच पूर्ण दिसते, रिकामी ओळ मात्र छपाईआधी कुणीतरी थांबून विचारतंच.